समासातली ओळ

सेंट गॅलचा मठ, नववं शतक. बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र उतरवताना नकलनवीसाची पिसाची लेखणी थबकली. जुन्या प्रतीत साक्षीदार तीनच: आत्मा, पाणी, रक्त. स्पेनहून आलेल्या प्रतीत आणखी तीन, स्वर्गातले: पिता, शब्द, पवित्र आत्मा.

“फादर, लॅटिन भाषांतर करताना जेरोमनं नेमकं काय लिहिलं होतं?”

“दोन्हींवर नाव त्याचंच,” म्हातारे ग्रंथपाल हसले. “गाळलीस तर पाखंडी ठरशील, घातलीस तर खोटा.”

प्रार्थनेची घंटा झाली. तो उठला नाही. मजकूर जुन्या प्रतीप्रमाणेच पुरा केला आणि ती ओळ बारीक अक्षरांत समासात टाकली.

ग्रंथपालांनी पान उजेडात धरलं. “हुशार आहेस. पण पुढचा नकलनवीस हा समास आत ओढणार, बघ.”

“मग त्याला अडवणार कोण?”

“तू का मी? चल, उशीर झालाय.”