रोहनच्या अर्जाचा ईमेल: आधीचा मसुदा आणि पाठवायचा मजकूर

रोहन,

मसुदा वाचला. काल फोनवर स्टोअर्सबद्दल बोलताना तू बॅचनिहाय, रॅकनिहाय सांगत होतास. काय बदललंस, का बदललंस, सगळं तोंडपाठ. ईमेलमध्ये मात्र त्यातलं काहीच उतरलेलं नाही. मी भरतीचं काम करते, अर्ज रोज वाचते, म्हणून ठामपणे सांगते: या पदासाठी तू योग्य माणूस आहेस, आणि ते वाचणाऱ्याला पहिल्या चार ओळींत कळायला हवं.

तुझा मसुदा आधी इथे जसाच्या तसा ठेवते, म्हणजे काय कुठे गेलं ते तुला ताडून पाहता येईल.

तुझा मसुदा

विषय: जॉबबद्दल

हाय मॅडम/सर,

कसे आहात? तुमची जॉबची जाहिरात पाहिली आणि म्हटलं चला, अप्लाय करून बघू. मी रोहन. सध्या एका औषधांच्या डिस्ट्रिब्युटरकडे स्टोअर्सला आहे, चार वर्षं झाली. स्टॉकचं सगळं मीच बघतो, म्हणजे इनवर्ड, आउटवर्ड, एक्सपायरी, फ्रिजमधला माल, जे पडेल ते. काम तसं मस्त जमतं, सगळे म्हणतात रोहन असला की टेन्शन नाही.

तुमचं ते सॉफ्टवेअर मला येत नाही, सॉरी, पण शिकून घेईन, त्यात काय एवढं. एक्सेल बऱ्यापैकी येतं. आमच्या इथं आता पुढे जायला काही स्कोप राहिला नाही, साहेब नुसतं पुढच्या वर्षी बघू म्हणतात, म्हणून दुसरीकडे बघतोय. खरं सांगायचं तर मी काही फार शिकलेला नाही, बी.कॉम. आहे फक्त, पण चान्स दिलात तर निराश करणार नाही, प्रॉमिस!

पगाराचं आपण नंतर बोलू, ॲडजस्ट करू. बायोडेटा जोडलाय, बघा जमलं तर. रिप्लाय नक्की द्या हां, वाट बघतोय.

थँक्स,
रोहन

‘हाय’, ‘हां’, ‘प्रॉमिस’ हे शब्द काढणं सोपं आहे, ते काढलेच. पण खरी अडचण त्या शब्दांची नाही. ‘अप्लाय करून बघू’, ‘बघा जमलं तर’, ‘बी.कॉम. आहे फक्त’ या तीन ठिकाणी तू समोरच्याने विचारायच्या आत स्वतःची किंमत कमी करून ठेवली आहेस. जाहिरातीत पदवी कोणत्या शाखेची हवी याची अटच नाही. मग ‘फक्त’ कशाला? तो शब्द गेला. बी.कॉम. तर ईमेलमध्येही आणलेलं नाही, ते बायोडेटात आहे तिथेच शोभतं.

साहेबांची तक्रार पूर्ण काढली. ती खरी असेलही, मला तुझ्या बोलण्यातून जाणवते; पण अनोळखी माणसाच्या हाती ती पहिल्याच पत्रात देऊ नये. नोकरी का बदलतोस हे मुलाखतीत विचारतीलच, तेव्हा ‘मोठ्या साठ्याची आणि टीमची जबाबदारी हवी आहे’ एवढं सांग. तेही तितकंच खरं आहे. पगाराचा विषय जाहिरातीत नाही, म्हणून आपणही काढलेला नाही.

‘सगळे म्हणतात रोहन असला की टेन्शन नाही’ या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. त्यामागे खरं काम आहे, पण सगळे असं का म्हणतात तेच वाक्यात नाही. काल तू सांगितलंस ना, उशिरा आलेल्या बॅचची मुदत आधीच्या बॅचपेक्षा लवकर संपणारी निघाली, आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढायच्या सवयीमुळे ती मागेच पडून राहत होती. तू आवक तारखेऐवजी मुदतीच्या तारखेने रॅक लावायला घेतलेस. औषधांच्या स्टोअर्समध्ये काम केलेला कुणीही हे वाचल्यावर थांबेल, कारण असा माल मागे राहिला की काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं. हे सांगितलंस की स्वतःची स्तुती करावीच लागत नाही.

फ्रिजचंही तसंच. ‘फ्रिजमधला माल’ कुणीही लिहील. मागच्या भिंतीला खोकी टेकू देत नाहीस, हे रोज तो फ्रिज उघडणाराच लिहू शकतो.

सॉफ्टवेअर येत नाही हे मी लपवलेलं नाही. लपवू नकोसही, पहिल्या मुलाखतीतच उघडं पडेल. फक्त ‘सॉरी’ काढला आणि त्याच्या शेजारी तुला जे येतं ते ठेवलं. ‘त्यात काय एवढं’ मात्र वाचणाऱ्याला खटकेल. त्यांच्या रोजच्या कामाला आपण हलकं लेखतो असं वाटतं.

आकडे सगळे काल तू मोजणीच्या शीटवरून वाचून दाखवलेस तेच आहेत. पाठवण्याआधी शीट पुन्हा उघड आणि एकेक ताडून बघ. त्यातला एकही आकडा मुलाखतीत तुला समजावून सांगता येणार नसेल तर तो काढून टाक.

पाठवायचा ईमेल

विषय: इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज – रोहन शिंदे, औषध स्टोअर्सचा ४ वर्षांचा अनुभव

माननीय भरती व्यवस्थापक,
सादर नमस्कार.

आपल्या औषध वितरण केंद्रातील इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह या पदासाठी मी अर्ज करत आहे. गेली ४ वर्षे मी एका औषध वितरकाच्या स्टोअर्समध्ये काम करतो. सुमारे १,८०० आयटमच्या साठ्याची आवक, जावक, मोजणी आणि मुदतीवरील देखरेख ही माझी जबाबदारी आहे.

आपल्या जाहिरातीत नोंदींच्या अचूकतेला पहिले स्थान दिले आहे. मी रुजू झालो तेव्हा आमच्याकडे वर्षातून एकदाच पूर्ण मोजणी होत असे आणि मोजलेल्या दर १०० आयटमपैकी साधारण ७ मध्ये नोंद व प्रत्यक्ष साठा यांत फरक येत असे. मी दर आठवड्याला थोड्या थोड्या आयटमची मोजणी सुरू केली. महाग आणि वेगाने खपणारा माल महिन्यातून एकदा मोजला जातो, उरलेला सहा महिन्यांतून एकदा. फरक दिसला की त्याच दिवशी आवक पावती, डिलिव्हरी चलन आणि परत आलेल्या मालाची नोंद ताडून कारण शोधतो. गेल्या वर्षभरात हा फरक १०० आयटममागे २ वर आला आहे.

मुदतीच्या बाबतीत, आधी आलेला माल आधी पाठवण्याची आमची पद्धत मी बदलून घेतली. उशिरा आलेल्या काही बॅचची मुदत आधीच्या बॅचपेक्षा लवकर संपत होती आणि तो माल रॅकमध्ये मागे राहत होता. आता प्रत्येक बॅच मुदतीच्या तारखेनुसार लावली जाते आणि ज्याची मुदत आधी संपते तोच माल आधी बाहेर पडतो. मुदत संपायला ६ महिने उरलेल्या मालाची यादी मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विक्री विभागाला देतो, त्यामुळे तो विकण्यासाठी किंवा पुरवठादाराला परत करण्यासाठी पुरेसा वेळ मिळतो.

२ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या मालाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. तापमानाची नोंद सकाळ-संध्याकाळ घेतली जाते. इन्सुलिन गोठल्यास वापरता येत नाही, म्हणून फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून खोकी ठेवली जाणार नाहीत याकडे मी स्वतः लक्ष देतो. तापमान मर्यादेबाहेर गेल्यास त्या फ्रिजमधील माल वेगळा काढून, ‘वितरण थांबवले’ अशी पाटी लावून, पुढील निर्णय होईपर्यंत तो जावकीला जाऊ दिला जात नाही.

जाहिरातीत उल्लेखलेल्या सॉफ्टवेअरवर मी अद्याप काम केलेले नाही. सध्याच्या कंपनीत जुन्या रजिस्टरवरून संगणकीय प्रणालीवर येताना बॅच आणि मुदतीची माहिती भरून ती तपासण्याचे काम मी केले. नव्या सहकाऱ्यांना आवकीची नोंद कशी करायची हेही मीच शिकवतो. एक्सेलमध्ये साठ्याचे आणि मुदतीचे मासिक अहवाल मी तयार करतो. या अनुभवाच्या आधारे आपल्या प्रणालीवर मी लवकरच स्वतंत्रपणे काम करू लागेन, याची मला खात्री आहे.

सध्या माझ्यासोबत स्टोअर्समध्ये दोन सहकारी काम करतात आणि त्यांच्या कामाची रोजची आखणी मी करतो. अधिक मोठा साठा आणि मोठी टीम सांभाळण्याची माझी तयारी आहे. आपल्या केंद्रातील चार जणांची टीम आणि दोन पाळ्यांचे काम पाहता, ही जबाबदारी मला योग्य वाटते. दोन्ही पाळ्यांत काम करण्यास मी तयार आहे.

माझा नोटीस कालावधी एक महिन्याचा आहे. मुलाखतीसाठी मी कोणत्याही कामाच्या दिवशी, दोन दिवस आधी कळवल्यास, उपस्थित राहू शकतो. मोजणीची पद्धत आणि मुदत-यादी कशी तयार होते, हे त्या वेळी सविस्तर मांडायला मला आवडेल.

सोबत बायोडेटा आणि अनुभवाचे प्रमाणपत्र जोडले आहे. संपर्क क्रमांक बायोडेटाच्या पहिल्या पानावर आहे.

आपला विश्वासू,
रोहन शिंदे

एकच जागा मला अजून थोडी लांबलेली वाटते, ती मोजणीच्या परिच्छेदाची. तरी मी ती तशीच ठेवली, कारण जाहिरातीत अचूकता सर्वांत वर आहे आणि तुझं सर्वांत भक्कम काम तेच आहे. तुला काही कापायचंच असेल तर टीमच्या परिच्छेदातलं एखादं वाक्य काप, मोजणीला हात लावू नकोस.

‘मला खात्री आहे’ हे वाक्य तुला जड वाटेल, मला माहीत आहे. राहू दे. रजिस्टरवरून कॉम्प्युटरवर येतानाचं ते काम तू निभावलंस, तेव्हा हे म्हणायचा हक्क तुला आहे.

पाठवताना बायोडेटाची फाइल ‘फायनल नवीन २’ या नावाने जाऊ देऊ नकोस, तुझं नाव आणि पदाचं नाव दे. पीडीएफच पाठव. अनुभवाच्या प्रमाणपत्राचा फोटो तिरका आलाय आणि खालची सही कापली गेली आहे, तो सरळ स्कॅन करून घे. आणि बायोडेटात रुजू झाल्याचा महिना जून लिहिलायस, प्रमाणपत्रावर जुलै आहे. आधी ते दुरुस्त कर, मग पाठव. जाहिरातीची मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आहे, पण तू गुरुवारी सकाळीच पाठवून टाक.

ताई