मेजर टेप घेऊनच आत जा

नमस्कार मंडळी! या, पुढे या, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. आजी-आजोबांना आधी बसू द्या. रविवारची सकाळ म्हणजे नाशिकला मिसळीची वेळ. ती सोडून तुम्ही पाथर्डी फाट्याला आमच्या इमारतीतले फ्लॅट बघायला आलात, मनापासून आभार. मिसळ मागच्या मांडवात आहे, पण माझं बोलणं झाल्यावर. त्यामुळे मीही आवरतं घेणार, काळजी नको.

गेटवर नाव लिहिताना "पहिलंच घर का?" असं विचारलं होतं. बहुतेकांनी "हो" लिहिलंय. म्हणून आमच्या पहिल्या घराची गोष्ट सांगतो.

वडील सातपूरला कंपनीत होते. 1998 साली त्यांनी इंदिरानगरमध्ये फ्लॅट घेतला, कागदावर 700 फूट. सामान हलवलं त्या दिवशी बेडरूममध्ये पलंग लावला, तर लोखंडी कपाट मावेना. आईच्या शिवणकामाच्या टेपने वडिलांनी रात्री अख्खं घर मोजलं. भरलं 510. बाकीचे फूट जिन्यात, पॅसेजमध्ये आणि भिंतींत गेले होते. त्याला म्हणे सुपर बिल्टअप म्हणतात! ते कपाट पुढे अकरा वर्षं हॉलमध्ये उभं होतं. आलेला प्रत्येक पाहुणा आधी कपाट बघायचा, मग आम्हाला.

म्हणून आज गेटवर प्रत्येक कुटुंबाला एक मेजर टेप दिलीय. ती तुमचीच, परत करू नका.

आपला टू बीएचके 620 फूट कार्पेट आहे. रेरा कायद्यात कार्पेट म्हणजे काय ते लिहिलेलं आहे: बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात येत नाहीत, आतल्या भिंतींची जाडी मात्र येते. त्यामुळे टेपने थोडं कमी भरेल. कुठे किती, ते आमच्या इंजिनिअरकडून भिंतीला हात लावून समजून घ्या. सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग नेहमीच्या मापाचा, सहा बाय सव्वासहा ठेवलाय आणि आतले दरवाजेही बसवलेत. ही खुबी सांगतो, कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल: दरवाजे काढून ठेवले आणि पलंग बुटका केला की कुठलीही खोली मोठी दिसते.

आता पैशांचं. किंमत 42 लाख. एवढ्या कर्जाला बँक साधारण 80 टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे आठ लाख चाळीस हजार घरातून उभे करायचे. मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी त्याशिवाय. पहिल्यांदा घेणारा इथेच चुकतो, शेवटच्या महिन्यात सोनं मोडायची वेळ येते. आपला फ्लॅट 45 लाखांच्या आत आणि 90 चौरस मीटरच्या आत बसतो, म्हणून जीएसटी 1 टक्का. फ्लॅट एकट्या बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सुटतो, म्हणजे 42 हजार. जोडनावात नवरा आला की सवलत गेली. हे घरी जाऊन ठरवा, इथे भांडू नका!

करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आम्हीही घेणार नाही. तुमच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात, ते जमीन आणि बांधकाम सोडून दुसरीकडे वापरता येत नाहीत. गेटवरच्या फलकावर क्यूआर कोड आहे. तो स्कॅन करा, आमचे मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख महारेराच्या वेबसाइटवर बघा. माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

दोन उणिवा मीच सांगून टाकतो. पश्चिमेच्या फ्लॅटमधून पांडवलेणीचा डोंगर सुंदर दिसतो, पण एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर तिथे ऊन मारतं. आणि रस्त्याकडच्या बाजूला हायवेच्या ट्रकांचा आवाज येतो. बाल्कनीत पाच मिनिटं गप्प उभे राहा, मग ठरवा.

कोणी म्हणेल, 2027 चा कुंभ आला की भाव चढतील, आजच बुक करा. चढतीलही, मी ज्योतिषी नाही. पण आज इथे चेकबुक काढायचं नाही, असं मी आमच्या पोरांना बजावलंय. आज फक्त बघायचं.

चौथ्या मजल्याचा स्लॅब झालाय, लिफ्ट अजून नाही. सॅम्पल फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी इथे खाली जमिनीवर चुन्याने अख्खा फ्लॅट खऱ्या मापात आखलाय, त्यातून चालून बघा. वर जाणाऱ्यांनी हेल्मेट घाला, लहान मुलांचा हात सोडू नका. दहा-दहा जणांनी जायचंय. पहिले दहा, या माझ्याबरोबर.