नव्या जैवरसायन प्रयोगशाळेच्या उद्घाटनप्रसंगी प्राचार्यांचे मनोगत

विद्यार्थिमित्रांनो, सहकाऱ्यांनो, पालकहो आणि ही इमारत प्रत्यक्ष उभी करणाऱ्या गवंडी, सुतार आणि वायरमन बंधूंनो,

आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. इमारतीचे क्षेत्रफळ आणि खर्च निमंत्रणपत्रिकेत छापलेले आहेत, त्यामुळे मी ते पुन्हा वाचणार नाही.

1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांना, म्हणजेच पुढे कमला सोहोनी यांना, केवळ त्या स्त्री आहेत म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारला गेला; त्यांनी तो आग्रहाने मिळवला, 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि मुंबईत परतल्यावर नीरेसारख्या साध्या, गरिबांना परवडणाऱ्या पेयातील पोषणमूल्यांवर संशोधन केले. आपल्या कोकणातला माडही अशा अभ्यासाची वाट पाहतो आहे, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच तळमजल्यावर पाणी आणि माती तपासणीची सोय केली आहे, आणि ती गावकऱ्यांसाठीही खुली राहील. वरच्या मजल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने टायट्रेशन करता येईल. चौघांत एक ब्युरेट आता नको. फ्यूम हूड आणि आपत्कालीन शॉवरही आहेत, त्यांचा वापर पहिल्याच तासाला शिकून घ्या.

काचेची भांडी फुटतील, त्याला घाबरू नका. आलेले वाचन मात्र जसे आले तसेच वहीत लिहा.

आमच्या सर्वांत ज्येष्ठ प्रयोगशाळा परिचर बाईंनी पुढे येऊन फीत कापावी, अशी मी त्यांना विनंती करतो.