विषय: पुरात गहाळ झालेल्या प्रमाणपत्राची दुय्यम प्रत मिळणेबाबत (प्रमाणपत्र क्र. एफएस-आयए-२०२३-११८७)

प्रति,
मा. प्रमाणपत्र विभाग प्रमुख

महोदय/महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी अश्विनी बाबासाहेब गाडे, रा. ता. परंडा, जि. धाराशिव. परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातून २०२२ साली बी.टेक. झाले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या संस्थेच्या पुणे केंद्रात आयएसओ २२०००:२०१८ अंतर्गत लेखापरीक्षकाचा अभ्यासक्रम व परीक्षा उत्तीर्ण केली. वर दिलेला क्रमांक त्याच प्रमाणपत्राचा आहे.

सप्टेंबर २०२५ च्या महापुरात आमच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. कागदपत्रांची पत्र्याची पेटी वाहून गेली आणि पाणी ओसरल्यावर शेजारच्या तुरीच्या रानात झाकण निघालेल्या अवस्थेत सापडली. आत गाळ भरला होता. सातबारा आणि गुणपत्रिकांचा लगदा निघाला, प्रमाणपत्र मात्र मिळालंच नाही. तलाठ्यांच्या पंचनाम्यात घराच्या नुकसानीची नोंद आहे, पण त्यात कागदपत्रं एकेक करून लिहिलेली नसतात. म्हणून पोलीस ठाण्यात या प्रमाणपत्राच्या गहाळ नोंदीचा अर्ज वेगळा दिला. त्याची पोच सोबत आहे.

लातूर एमआयडीसीतील एका डाळ प्रक्रिया उद्योगात गुणवत्ता विभागात माझी निवड झाली असून २२ डिसेंबरला रुजू व्हायचं आहे. तिथे अंतर्गत लेखापरीक्षणाचं काम माझ्याकडे येणार आहे. मानकाच्या कलम ७.२ प्रमाणे हे काम करणाऱ्याच्या पात्रतेचा पुरावा कंपनीला नोंदीत ठेवावा लागतो, आणि बाहेरचे लेखापरीक्षक आले की तो पाहायला मागतात. माझ्या मोबाइलमधल्या झेरॉक्सच्या फोटोवर क्रमांक आणि नाव स्पष्ट वाचता येतं, पण शिक्का पुसट आहे. तेवढ्यावर कंपनीचं भागणार नाही.

तरी कृपया दुय्यम प्रत द्यावी. तिच्यावर मूळ क्रमांक व मूळ तारीख कायम ठेवून 'दुय्यम प्रत' असा शेरा असावा. नावाचं स्पेलिंग आपल्या नोंदीत आहे तेच ठेवावं. आधार कार्डाशी ते तंतोतंत जुळतं. शुल्क किती व कोणत्या खात्यात भरायचं ते कळवलंत तर त्याच दिवशी भरेन. प्रत वरच्या पत्त्यावर न पाठवता कृपया स्पीड पोस्टाने खालील लातूरच्या पत्त्यावर पाठवावी. गावाकडचं घर अजून दुरुस्तीत आहे.

आणखी एक कळकळीची विनंती. प्रत यायला वेळ लागणार असेल, तर हे प्रमाणपत्र आपल्या नोंदवहीत असून वैध आहे, एवढं या ईमेलच्या उत्तरात लिहून द्यावं. तेवढं पत्र रुजू होताना पुरेल, असं कंपनीच्या एचआर विभागाने सांगितलं आहे. हातची नोकरी या कागदापायी अडू नये, एवढीच अपेक्षा.

मूळ प्रत पुढे कधी सापडली, तर ती आपल्याकडे जमा करीन. तसं नोटरी केलेल्या प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं आहे.

सोबत: पोलीस पोच, प्रतिज्ञापत्र, पंचनाम्याची प्रत, आधार कार्ड, जुन्या झेरॉक्सचा फोटो.

आपली विश्वासू,
अश्विनी बाबासाहेब गाडे
द्वारा मामा, औसा रोड, लातूर
१ डिसेंबर २०२५