भौतिकशास्त्राच्या पेपरपूर्वीच्या सात दिवसांचे नियोजन

पेपर पुढील सोमवारी सकाळी 11 वाजता आहे, म्हणून ही आखणी आजच्या सोमवारपासून रविवारपर्यंतची आहे. या आठवड्यात नवीन धडा कोणीही उघडू नये. तुमच्या एकपानी सारांशांवर, सूत्रांच्या वहीवर आणि एका सराव प्रश्नपत्रिकेवरच सगळे दिवस खर्च करायचे आहेत.

सोमवारी स्थिर विद्युत आणि विद्युतप्रवाह, मंगळवारी चुंबकत्व, विद्युतचुंबकीय प्रवर्तन व प्रत्यावर्ती प्रवाह, तर बुधवारी प्रकाशिकी आणि अणू-केंद्रक घ्यावे. प्रत्येक सकाळी सारांश वाचण्याआधी आदल्या दिवशीच्या धड्यांची सूत्रे कोऱ्या कागदावर आठवून लिहावीत आणि मगच वहीशी ताडून पाहावीत. नुसते पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो, पण तो न पाहता लिहिता येईलच असे नाही, आणि परीक्षेत ओळखीला गुण मिळत नाहीत.

सूत्राशेजारी प्रत्येक राशीचे एकक आणि चिन्हसंकेत लिहिणे सक्तीचे समजावे. भिंगासाठी 1/v − 1/u = 1/f आणि आरशासाठी 1/v + 1/u = 1/f ही जोडी समोरासमोर मांडावी; समांतर जोडणीत धारकतांची थेट बेरीज होते, रोधांची मात्र व्यस्तांकांची, हेही तसेच शेजारी असावे. प्रकाशविद्युत परिणामाच्या hν = φ₀ + Kmax या समीकरणात कार्यफल इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये दिले असेल, तर आधी 1.6 × 10⁻¹⁹ ने गुणून ते जूलमध्ये आणावे. सोपी गणिते बहुधा अशाच ठिकाणी बिघडतात.

सराव प्रश्नपत्रिका गुरुवारी, परीक्षेच्याच वेळेत, म्हणजे 11 ते 2, सलग बसून सोडवायची आहे. ती शनिवारी ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. मला ते पटत नाही, कारण तेव्हा चूक कळते पण दुरुस्तीला दिवस उरत नाही. त्याच संध्याकाळी उत्तरे तपासून प्रत्येक गेलेल्या गुणाचे कारण समासात लिहावे: सूत्र आठवले नाही, आठवले पण चुकीचे वापरले, की वेळच पुरला नाही.

शुक्रवार पूर्णपणे या नोंदींचा आहे. न आठवलेले सूत्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोऱ्या कागदावर पुन्हा यावे, वापर चुकलेल्या सूत्रावर त्याच प्रकारची दोन गणिते सोडवावीत, आणि वेळ कमी पडला असेल तर प्रश्न सोडवण्याचा क्रम बदलावा. शनिवारी सर्व सारांशांची एक सलग फेरी करावी, परंतु ज्या पानावर गुरुवारी एकही चूक झाली नाही, त्यावर पाच मिनिटांपेक्षा अधिक थांबू नये.

रविवारी दुपारपर्यंत फक्त सूत्रांची वही चाळावी. संध्याकाळी प्रवेशपत्र, दोन पेन आणि मोजपट्टी पिशवीत ठेवून रोजच्या वेळेला झोपावे. जागरण करून वाचलेले दोन धडे सोमवारी तीन तास लक्ष टिकवू देत नाहीत.