सूचना : हॉलमधल्या एसीचं तापमान आता 25 अंश

दिनांक : 4 मे 2026
प्रति : सर्व कर्मचारी, शरणपूर रोड कार्यालय

येत्या बुधवारपासून, म्हणजे 6 मेपासून, मोठ्या हॉलमधले तिन्ही एसी 25 अंशांवर चालतील. सकाळी साडेदहाला सुरू होतील, संध्याकाळी सव्वासहाला बंद होतील. तिन्ही रिमोट रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये राहतील.

हा निर्णय अचानक घेतलेला नाही. गेल्या महिन्यात एकाच दिवशी दोन तक्रारी आल्या. पश्चिमेच्या खिडकीजवळ बसणाऱ्यांची तक्रार, दुपारी अक्षरशः भाजून निघतो. अकाउंट्सच्या टेबलावरून तक्रार, शाल पांघरून व्हाउचर लिहावी लागतात. त्या टेबलावरच्या एसीच्या तोंडाला तर कोणीतरी पुठ्ठा चिकटपट्टीने लावून ठेवला होता. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. एक जण रिमोट उचलून 18 करतो, अर्ध्या तासाने दुसरा 27 करतो आणि दिवसभर हेच चालतं. खिडकीशी उन्हाचा त्रास आणि एसीखाली थेट झोताचा, त्यामुळे दोघांना एकाच वेळी पटेल असा आकडा निघणं अवघड आहे. म्हणून आकडा एकच ठेवून बाकीच्या गोष्टी हलवायच्या असं ठरवलं आहे.

त्यानुसार पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावले आहेत. ते दुपारी दोनला ओढून घ्यावेत, दृश्य गेलं तरी चालेल. अकाउंट्सवरच्या एसीची पाती वर वळवली आहे, त्यामुळे झोत थेट डोक्यावर येणार नाही. पुठ्ठा काढला आहे, तो कृपया परत लावू नये. हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो आणि मग पाणी खाली फायलींवर टपकतं. छताचे पंखे एसीबरोबर एक-दोनवर चालू ठेवावेत. 25 अंशांत पंख्याचा वारा लागला की त्याहून कमी तापमान असल्यासारखं वाटतं, आणि पंख्याला एसीच्या मानाने वीज अगदीच किरकोळ लागते. इतकं करूनही कोणाला थंडी किंवा उकाडा सोसत नसेल, तर जागा बदलून मिळेल. तब्येतीचं कारण असेल तर ते चारचौघांत सांगायची गरज नाही, मला येऊन सांगा.

आता बिल. मार्चचं बिल 14 हजारांच्या घरात होतं, एप्रिलचं 23 हजारांवर गेलं. माणसं तेवढीच, कॉम्प्युटर तेवढेच. आपले एसी दीड टनाचे, जुने, बिगर-इन्व्हर्टर आहेत. कॉम्प्रेसर चालू असताना एकेक एसी ताशी साधारण दीड युनिट ओढतो. तापमान गाठलं की कॉम्प्रेसर थांबतो, आणि खरी बचत त्या थांबण्यात आहे. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर 38-39 अंश असताना 18 लावलं, तर या एसींना ते गाठताच येत नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. 18 लावल्याने हॉल लवकर गार होतो हा समजही सोडून द्यावा. आपले एसी 18 वर आणि 25 वर सारख्याच जोराने गार करतात, फरक फक्त कुठे थांबायचं एवढाच. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवलं की एसीची सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून नवीन स्टार-लेबल एसी सुरू केल्यावर आपोआप 24 अंशांवर येतात, ते याचसाठी.

साडेदहाच्या वेळेबद्दलही काहींनी विचारलं. नाशिकची सकाळ मुंबईसारखी चिकचिकीत नसते. दहापर्यंत खिडक्या उघड्या ठेवल्या तर रात्रीची कोंडलेली हवा निघून जाते. एसी सुरू झाला की मात्र खिडक्या बंद, आणि जिन्याकडचं दारही. चहा घेऊन येणाऱ्यांनी ते पायाने उघडं धरून गप्पा मारू नयेत, हे विशेष.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी शनिवारी धुतले जातील. रस्त्याच्या धुळीने ते किती काळे होतात, हे मागच्या आठवड्यात सर्वांनी पाहिलंच आहे. पावसाळ्यात हवा दमट झाली की ड्राय मोड वापरू, त्याची वेगळी सूचना येईल. सर्व्हर असलेल्या छोट्या खोलीला हा नियम लागू नाही, तिथल्या एसीला हात लावू नये. मीटिंग रूमचा एसी मीटिंग संपली की शेवटी निघणाऱ्याने बंद करावा.

महिनाभर हे करून पाहू. जूनचं बिल आलं की मार्च आणि एप्रिलच्या बिलांसह नोटीस बोर्डावर लावलं जाईल. 25 ऐवजी 24 हवं, असं तेव्हा बहुतेकांचं म्हणणं असेल तर बदलू. तोपर्यंत रिमोट ड्रॉवरमध्येच राहतील.

व्यवस्थापक, प्रशासन