मोदक पूर्वनोंदणी पुश मोहीम : 24 तासांचा अहवाल

गणेश चतुर्थीच्या मोदकांची आगाऊ नोंदणी घेण्यासाठी मुंबईतील 1,20,000 ग्राहकांना मंगळवारी सायंकाळी 6:30 वाजता नोटिफिकेशन पाठवण्यात आले. त्यापैकी 1,02,000 फोनवर, म्हणजे 85 टक्के ठिकाणी, ते पोहोचल्याची नोंद ॲपकडून मिळाली. सर्व्हरने संदेश स्वीकारल्याचा आकडा याहून मोठा असला, तरी तो पोहोच म्हणून धरलेला नाही. 5,610 ग्राहकांनी, म्हणजे पोहोचलेल्यांपैकी 5.5 टक्क्यांनी, ते उघडले.

संदेश उघडून 24 तासांत झालेल्या ऑर्डर 408 आहेत. मात्र हे सारे श्रेय मोहिमेला देणे योग्य ठरणार नाही. मुद्दाम संदेश न पाठवलेल्या 10,000 ग्राहकांच्या गटातही 45 ऑर्डर आल्या, आणि संदेश पाठवलेल्या संपूर्ण गटात 720. पहिल्या गटाच्या प्रमाणाने 540 ऑर्डर एरवीही आल्या असत्या, त्यामुळे खरी वाढ सुमारे 180 ऑर्डरची आहे.

सर्वांत गंभीर बाब नोटिफिकेशन बंद करणाऱ्यांची आहे. रोज सरासरी 90 ग्राहक ते बंद करतात. या 24 तासांत 610 जणांनी केले, आणि त्यांतील 430 जणांनी रात्री 10:40 च्या ‘शेवटची संधी’ या स्मरणसंदेशानंतर तासाभरात. फोनच्या सेटिंगमधून केलेला बदल ग्राहकाने ॲप पुन्हा उघडल्यावरच आपल्याला कळतो, म्हणून हा आकडा वाढेल. दमून घरी पोहोचलेल्या माणसाला त्या वेळी संदेश पाठवणे मला गैर वाटते. रात्री 9 नंतरचे प्रचारसंदेश तातडीने थांबवावेत.